छत्तीस गुणी नकार

ठरवून केलेल्या लग्नांच्या मराठी व्यवहारात ‘नाही’ हा शब्द जवळजवळ कधीच उच्चारला जात नाही, आणि तरीही शंभरातली बहुतेक स्थळं नाकारलीच जातात. एका मुलीचं लग्न ठरेपर्यंत तिच्या घरी दहा-पंधरा वेळा पोहे होतात, म्हणजे त्यातल्या एका वेळेखेरीज बाकी सगळ्या वेळा कोणीतरी कोणाला तरी नकार दिलेला असतो. पण त्या घरात नंतर चौकशी केली तर नकार कोणीच दिला नव्हता असं कळतं. एका ठिकाणी ‘योग नव्हता’, दुसऱ्या ठिकाणी ‘पत्रिका अडली’, तिसऱ्या ठिकाणी ‘त्यांचं काही कळलंच नाही पुढे’. नकार हा इथे कोणी देत नाही, तो आपोआप होतो.

याचं खापर मराठी माणसाच्या भिडस्तपणावर फोडण्याची पद्धत आहे, पण ती टिकणारी नाही. ज्या पुण्यात ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशा पाट्या फाटकावर शोभतात, दुकानाची दुपारची विश्रांती गिऱ्हाइकाच्या निकडीपुढे तसूभरही हलत नाही, त्याच पुण्यात फाटकाच्या आतला गृहस्थ मुलाच्या लग्नाच्या बोलण्यांत ‘बघू, कळवतो’ याच्या पुढे जात नाही. माणूस तोच, जीभही तीच. बदललंय ते समोरच्याशी असलेलं नातं. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली मांडलेली (आणि १९८७ साली पुस्तकरूपाने आलेली) विनयशीलतेची उपपत्ती हेच सांगते: बोलणं किती आडवळणाने जाईल हे दोघांमधलं अंतर, दोघांमधली सत्ता आणि मुद्द्याचं वजन या तिन्हींवर ठरतं. गाडी लावणारा अनोळखी आहे, पुन्हा भेटला तरी ओळखणार नाही. स्थळवाले मात्र पुढची तीस वर्षं दर लग्नसराईत कुठल्या ना कुठल्या मांडवात समोर येणार आहेत, पंक्तीत शेजारी बसणार आहेत आणि आग्रहाने जिलबीही वाढणार आहेत. शिवाय नाकारायचं आहे ते पार्किंग नाही, कोणाची तरी मुलगी किंवा मुलगा आहे. तेव्हा पाटी लावता येत नाही.

नकार ओळखायला शिकायचं तर पहिल्यांदा त्यातल्या शब्दांकडे दुर्लक्ष करावं लागतं. नव्या पालकांना हे अवघड जातं. ते शब्द धरून बसतात. ‘मुलगी छान आहे म्हणाले हो!’ असं आनंदाने सांगतात आणि शेजारच्या काकू, ज्यांनी दोन मुली उजवल्या आहेत, त्या नुसतं ‘हो का?’ म्हणून विषय पापडांकडे नेतात. काकूंना माहीत असतं की ‘मुलगी छान आहे’ हे वाक्य होकारातही येतं आणि नकारातही. फरक इतकाच, की नकारात ते नेहमी पहिलं येतं आणि त्याच्यामागून ‘पण’ येतो. होकार देणारे स्तुतीवर वेळ घालवत नाहीत. ते एकदम ‘तुमच्याकडे मानपानाचं कसं असतं?’ किंवा ‘मामा कधी येणार आहेत गावाहून?’ असं पुढचं विचारतात. ज्याला पुढे जायचं असतं तो पुढचा प्रश्न विचारतो. ज्याला थांबायचं असतं तो मागचं कौतुक करतो. पोह्यांची फार स्तुती झाली की घरातली जाणती माणसं मनातल्या मनात पुढच्या स्थळाची तयारी सुरू करतात.

शब्दांपेक्षा जास्त सांगतो तो वेळ. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलंय की होकार आणि सहमती झटकन येतात, तर नकार आणि असहमती अडखळत येतात: आधी शांतता, मग ‘अं...’, मग एखादं गोड वाक्य, मग कारण, आणि खुद्द नकार कित्येकदा नाहीच. अनिता पोमेरान्ट्झ यांनी १९८४ साली ही रचना नीट मांडली. पुढे २००९ साली दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची तुलना झाली, तेव्हा बहुतेक उत्तरं सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत येतात आणि होकारार्थी उत्तरं नकारार्थी उत्तरांपेक्षा लवकर येतात असं आढळलं. त्या दहांत मराठी नव्हती. असती तर संशोधकांना सेकंदांचं घड्याळ ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर घ्यावं लागलं असतं, कारण स्थळाच्या बाबतीत हीच अडखळण दिवसांत मोजली जाते.

ते कॅलेंडर साधारण असं चालतं. रविवारी संध्याकाळी पोहे झाले आणि होकार असेल, तर मध्यस्थाला त्याच रात्री किंवा सोमवारी सकाळी फोन जातो. मंगळवारपर्यंतही काही बिघडलेलं नसतं, कारण घरातल्या सगळ्यांशी बोलायला तेवढा वेळ लागतोच. गुरुवार उलटला की मुलीची आई फोन उचलून बघते, आवाज बंद तर नाही ना. दुसरा रविवार आला की वडील मध्यस्थाला ‘सहज’ फोन करतात, हवापाण्याची चौकशी करतात, आणि शेवटी, जणू आत्ताच आठवलं असं, ‘त्यांचं काही कळलं का?’ विचारतात. मध्यस्थ म्हणतो, ‘मी विचारतो.’ हे उत्तर आहे. मध्यस्थाने आधीच विचारलेलं असतं.

मध्यस्थ हा या व्यवस्थेतला सर्वांत कमी समजून घेतला गेलेला माणूस. तो नकार पोहोचवण्यासाठी असतो असा समज आहे. खरं तर तो नकार विरघळवण्यासाठी असतो. वरपक्ष त्याला म्हणतो, ‘मुलाला नाही पसंत.’ मध्यस्थ वधूपक्षाला सांगतो, ‘मुलाचं अजून नक्की होत नाहीये.’ मुलीची आई आपल्या बहिणीला सांगते, ‘विचार करतायत.’ बहीण आपल्या सासरी सांगते, ‘जवळपास ठरलंच.’ तीन माणसांतून जाताना एका नकाराचा होकार होतो आणि यात खोटं कोणीच बोललेलं नसतं. प्रत्येकाने फक्त एक टोक घासलेलं असतं. म्हणूनच जाणते लोक बातमी कोणाच्या तोंडून आली एवढंच विचारत नाहीत, ती कितव्या तोंडातून आली हेही विचारतात.

आता कारणाकडे यावं. नकाराला कारण लागतं, आणि चांगल्या कारणात तीन गोष्टी हव्यात: त्यात कोणाचा दोष नसावा, ते तपासून बघता यावं आणि ते बदलता येऊ नये. पगार कमी आहे म्हटलं तर मुलाचा अपमान. उंची कमी आहे म्हटलं तर मुलीचा. ‘घर लांब आहे’ म्हटलं तर समोरचे म्हणतात, आम्ही बोरिवलीत भाड्याने बघतो. या तिन्ही कसोट्यांना पूर्णपणे उतरणारं कारण मराठी समाजाला एकच सापडलं आहे, ते म्हणजे पत्रिका. जन्माची वेळ कोणी निवडलेली नसते. कोष्टक छापील असतं. आणि चंद्र कुठे होता ते आता कोणाच्याही आग्रहाने हलत नाही.

या कोष्टकाची रचना ठाऊक असल्याशिवाय नकाराचं सौंदर्य कळत नाही. गुणमेलनात वधूवरांची जन्मनक्षत्रं आणि राशी आठ अंगांनी ताडून बघतात. वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशीकूटाला ७ आणि नाडीला ८, एकूण ३६. निम्मे म्हणजे १८ जुळले की चालतं, असा सर्वसाधारण संकेत. पण सर्वांत जास्त वजन नाडीला. आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्या. दोघांची एकच निघाली तर एकनाड, आणि आठापैकी शून्य. याखेरीज मंगळ वेगळा. तो पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असेल तर मंगळाची पत्रिका. बारातली पाच स्थानं म्हणजे हा नियम पुष्कळांना पकडतो, आणि म्हणूनच तो गरजेच्या वेळी हाताशी असतो.

अर्थात पत्रिकेवर मनापासून विश्वास असणारी असंख्य घरं आहेत आणि त्यांच्या बाबतीत ‘पत्रिका जुळत नाही’ याचा अर्थ पत्रिका जुळत नाही इतकाच असतो. मग खरं आणि सोयीचं वेगळं कसं करायचं? क्रमावरून. विश्वास असलेलं घर पत्रिका आधी मागतं, जुळली तरच पोह्यांना येतं. उगाच कोणाचे पोहे खाऊन वर दोष काढणं त्यांना प्रशस्त वाटत नाही. पोह्यांच्या आधी न जुळलेली पत्रिका ही माहिती असते. पोह्यांच्या नंतर न जुळलेली पत्रिका हे मत असतं. ग्रह तेच, नक्षत्र तेच. मधे फक्त दोन माणसं एकमेकांना भेटून गेलेली असतात.

एक उदाहरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. ते काल्पनिक आहे, पण ज्याच्या घरात लग्न जमवलं गेलंय त्याला ते आपल्याच घरातलं वाटेल. मुलगा आणि मुलगी दोघांचंही जन्मनक्षत्र पुष्य, रास अर्थातच कर्क. मुलाचा चरण पहिला, मुलीचा तिसरा. नक्षत्र आणि रास एकच असल्यामुळे वर्णापासून राशीकूटापर्यंतची सातही अंगं पूर्ण जुळतात, म्हणजे २८ गुण. नाडी दोघांची मध्य, म्हणून तिथे शून्य. पत्रिका वरपक्षाकडे आठवडाभर होती. ती पाहून मुलाची आई फोनवर म्हणाली, ‘अठ्ठावीस गुण! इतके हल्ली कुठे जुळतात?’ नाडीचा शून्य त्याच कागदावर, त्याच स्तंभात, शेवटच्या ओळीत होता. त्याच्याविषयी कोणी काही बोललं नाही.

रविवारी पोहे झाले. मुलगा आणि मुलगी गच्चीत दहा मिनिटं बोलले. मुलीने सहज विचारलं, ‘तुम्हाला स्वयंपाक येतो का?’ मुलगा उत्साहाने ‘हो’ म्हणाला. खाली आल्यावर मुलीने हे कौतुकाने सांगितलं, त्याच क्षणी मुलाची आई म्हणाली, ‘छे, त्याला कशाला येतोय!’ सगळे हसले. आईही हसली. पण आईच्या मनात पुढची चाळीस वर्षं त्या अर्ध्या मिनिटात उभी राहिली असावीत.

गुरुवारी मध्यस्थाला निरोप आला. ‘मुलगी फार छान आहे. घरही छान. पण पत्रिका पुन्हा एकदा दाखवली, तर एकनाड निघाली हो.’ ‘निघाली’ हे क्रियापद पाहण्यासारखं आहे. इतके दिवस कागदावर उघडी बसलेली नाडी गुरुवारी निघाली. सराईत मध्यस्थाने इथे ‘अरेरे’ म्हणून फोन ठेवला असता. पण हे मध्यस्थकाका नवे होते, सेवानिवृत्त होते आणि कर्तव्यदक्ष होते. त्यांनी कारणाला कारण समजायची चूक केली. ते गुरुजींकडे गेले. गुरुजींनी दोन्ही पत्रिका पाहिल्या आणि म्हणाले, नक्षत्र एक असून चरण वेगळे असतील तर नाडीदोषाचा परिहार होतो, असं शास्त्रच सांगतं. काका आनंदाने वरपक्षाकडे गेले आणि अडचण दूर झाल्याची वार्ता दिली.

वरपक्षात जी शांतता पसरली ती २००९ च्या संशोधनात मोजण्यासारखी होती. मग मुलाचे वडील म्हणाले, ‘हो का, वा! पण त्याचं काय आहे, याला कंपनी वर्षभर जर्मनीला पाठवतेय. आत्ता लग्न म्हणजे...’ काकांनी तोडगा काढला: साखरपुडा आता, लग्न पुढच्या वैशाखात. शिवाय मुलीलाही परदेशाची आवड. आठ दिवसांनी कळलं की मुलाच्या आजीची तब्येत बरी नाही, घरात कार्याचं मन नाही. काका म्हणाले, मग तर लवकरच उरकू, आजींच्या डोळ्यांदेखत. आता वरपक्षाकडे कारणं संपत आली होती. जी उरली होती ती पहिल्यासारखी उंची नव्हती. पत्रिकेला छापील कोष्टकाचा आधार होता, जर्मनीला कंपनीचा, आजीला निदान डॉक्टरांचा. शेवटी जे आलं त्याला कसलाच आधार नव्हता: ‘खरं सांगायचं तर त्याचं आत्ता लग्नाचं मनच नाही.’ त्याच संध्याकाळी काकांना विवाहसंस्थेच्या ॲपवर त्या मुलाची माहिती दिसली. वाचनाची आवड, ट्रेकिंगची आवड, आणि नावाखाली हिरवा ठिपका: आत्ता ऑनलाइन.

या प्रकरणात नकार ओळखण्याची सर्वांत भरवशाची कसोटी दडलेली आहे. खरी अडचण दूर झाली की माणूस पुढे सरकतो. सोयीची अडचण दूर केली की माणूस दुसरी आणतो. कारण ‘निघून’ जाताच नवं कारण ‘निघालं’, तर पहिलंही कारण नव्हतंच. आणखी एक खूण आधीच दिसते: ज्याला खरोखर अडलंय तो मदत मागतो. ‘एकनाड आहे, तुमच्या ओळखीचे कोणी जाणकार आहेत का?’ असं विचारणारं घर होकाराच्या वाटेवर आहे. ‘एकनाड आहे’ म्हणून पूर्णविराम देणारं घर घरी परतलंय. काकांच्या बाबतीत तर परिहार शोधायला काकाच गेले. वरपक्षाने गुरुजींचा पत्ताही विचारला नव्हता.

परभाषकांच्या नकारांचा अभ्यास झालेला आहे. बीब, ताकाहाशी आणि उलिस-वेल्ट्झ यांनी १९९० साली जपानी आणि अमेरिकन लोकांचे नकार ताडून पाहिले. थेट नकार, आडवळणाचा नकार आणि त्याभोवतीची गोड झालर असे त्यांचे ढोबळ भाग. त्यांना दिसलं की अमेरिकन माणूस निमित्त देताना तपशील देतो, कुठे जायचंय, किती वाजता. जपानी माणूस निमित्त मोघम ठेवतो. यावरून तपशीलवार कारण म्हणजे खरं कारण असं कोणी समजेल. मराठी पत्रिका या समजाला सुरुंग लावते. इथे नक्षत्र, चरण, नाडी, गुणांचा आकडा इतका तपशील असतो की एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालालाही लाज वाटावी, आणि त्यातला एकही तपशील निर्णयाशी संबंधित नसतो. तपशिलाने कारण खरं ठरत नाही, फक्त भक्कम ठरतं.

नवख्या काकांच्या कहाणीला दुसरी बाजूही आहे आणि ती विनोदाइतकी निरुपद्रवी नाही. काकांना खरंच कळलं नव्हतं का? सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ साली एका वेगळ्या आणि अधिक गंभीर संदर्भात, म्हणजे स्त्रियांनी लैंगिक संबंधांना दिलेल्या नकारांविषयी लिहिताना, एक मुद्दा ठामपणे मांडला: रोजच्या व्यवहारात लोक ‘नाही’ न म्हणताच नकार देतात आणि तो सर्वांना समजतो, त्यामुळे ‘स्पष्ट नाही म्हटलं नाही, म्हणून कळलं नाही’ हा बचाव पोकळ आहे. लग्नाच्या बोलण्यांतही हेच घडतं, विशेषतः घराच्या आत. मुलगी म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ किंवा म्हणते, ‘ठीक आहे मुलगा.’ तिच्या आईला या वाक्याचा अर्थ पंचवीस वर्षांच्या अनुभवाने पुरता ठाऊक असतो, कारण याच मुलीने लहानपणी कारल्याच्या भाजीबद्दल हेच म्हटलं होतं. आवडलेल्या मुलाविषयी ही मुलगी प्रश्न विचारते, त्याच्या बोलण्याची नक्कल करते, त्याची चूक काढते. नावडलेल्याविषयी ती ‘ठीक आहे’ म्हणते आणि ताट घेऊन उठते. वडील मात्र दिवाणखान्यात जाहीर करतात: ‘मुलीचा होकार आहे.’ ज्यांना नकार ऐकायचा नसतो त्यांच्या कानांना शब्दशः अर्थाची मोठी ओढ असते. एरवी कोणाच्या ‘या कधीतरी’ला आमंत्रण न समजणारा माणूस अशा वेळी व्याकरणाचा काटेकोर भक्त होतो.

उलट चूकही होते. सगळीच शांतता नकार नसते. भाद्रपदाच्या पौर्णिमेनंतर पितृपक्ष लागला की अनेक घरांत लग्नाचा विषय पंधरवडाभर बंद ठेवतात. त्या काळात फोन न आल्याने हताश झालेले वधूपिते नवरात्रात अचानक आलेल्या होकाराने गांगरले आहेत. कुठे मुलाचा मामा गावाहून यायचा असतो आणि त्याला दाखवल्याशिवाय पान हलत नाही. अशी खरी दिरंगाई ओळखायची खूण सोपी आहे: ती आधी सांगितलेली असते. ‘पितृपक्ष झाला की बोलतो’ हे शांततेच्या आधी आलं तर वाट पाहावी. शांततेनंतर, विचारल्यावर, ‘अहो पितृपक्ष होता ना’ असं आलं आणि महिना कार्तिक असेल, तर पाहू नये.

वाट पाहणाऱ्या पक्षाकडेही साधनं असतात, पण तीही आडवळणाचीच. ‘हो की नाही ते सांगा’ असं विचारणं म्हणजे समोरच्याला उघड्यावर आणणं, आणि त्याला रागावण्याचा हक्क देणं. म्हणून वधूपक्ष म्हणतो, ‘आमच्याकडे दुसरं एक स्थळ चालून आलंय, त्यांना पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय. तुमचं आधी, म्हणून थांबलो.’ हे दुसरं स्थळ बहुधा नसतं. समोरच्यांनाही ते माहीत असतं. पण त्याचा उपयोग फार मोठा आहे: यामुळे नकार देणाऱ्याला नकार न देता नकार देता येतो. तो म्हणतो, ‘मग तुम्ही आमच्यासाठी थांबू नका.’ दोन न-घडलेल्या गोष्टींच्या देवाणघेवाणीत एक खरी गोष्ट स्पष्ट होते, कोणाचंही तोंड वाईट होत नाही आणि पुढच्या लग्नात जिलबी वाढता येते. पूर्वी हेच काम पोस्ट करत असे. बायोडेटासोबतचा फोटो लिफाफ्यातून परत आला की विषय संपला. सोबत चिठ्ठी असलीच तर त्यात ‘योग नाही’ इतकंच.

आता ॲपवर ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं शेजारी शेजारी दिलेली असतात. ती बनवणाऱ्यांना वाटलं असावं की शेवटी हा प्रश्न सुटला. प्रत्यक्षात नापसंत स्थळाला बहुतेक पालक दुसरं बटण दाबत नाहीत. ते कुठलंच बटण दाबत नाहीत. विनंती महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ राहते, आणि ज्याने ती पाठवली त्याला पाहिल्याची खूण दिसते, ही तर या नकाराची सर्वांत अचूक आवृत्ती आहे. बटण दाबणारे पालक आहेत, पण ते ‘चुकून दाबलं गेलं’ म्हणून ओळखीच्यांकडे खुलासा पाठवतात, आणि मग तो खुलासा होकार समजला जाऊन प्रकरण नव्याने सुरू होतं.

तरुण पिढी मात्र अधूनमधून थेट बोलू लागली आहे. दोन भेटींनंतर मुलगी मुलाला स्वतःच संदेश पाठवते, ‘मला नाही वाटत आपलं जुळेल. शुभेच्छा.’ मुलाला ते समजतं. त्याच्या घराला समजत नाही. आई तो संदेश तीनदा वाचते. मावशीला पाठवते. रात्री दोघींची बैठक होते. इतकं सरळ कोणी लिहील यावर दोघींचा विश्वास बसत नाही, तेव्हा त्यामागे काहीतरी असलंच पाहिजे: तिचं बाहेर कुठेतरी असेल, किंवा तिच्या घरच्यांना आपला फ्लॅट लहान वाटला असेल, किंवा अजून मनात आहे पण भाव खातेय. सकाळी मध्यस्थाला फोन जातो, ‘खरं कारण काय आहे ते जरा काढा ना.’ मध्यस्थ मुलीच्या घरी विचारतो. मुलीची आई ओशाळते. मुलीने काय लिहिलंय हे तिला आत्ताच कळलेलं असतं. ती क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘अहो, काही नाही हो. पत्रिका जुळत नाहीये.’ ते ऐकून मुलाच्या आईचं समाधान होतं.